रेफर वेगळं, फॉलो-अप वेगळा: शिबिराचा अहवाल लिहिताना

शिबिराच्या रजिस्टरमधला शेवटचा रकाना 'शेरा'. अहवालातला बहुतेक घोळ तिथूनच निघतो. 'सीपीआर, आजच', '७ दिवसांनी पुन्हा', 'डोळे दाखवून घ्या' असं डॉक्टर घाईत लिहितात आणि आपण ते सगळं 'पुढील उपचार' या एकाच आकड्यात कोंबतो. इथे सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय.

रेफर म्हणजे पेशंट दुसरीकडे पाठवला. फॉलो-अप म्हणजे ठरल्या तारखेला आपल्याच माणसांनी तो पुन्हा बघायचा. म्हणून रेफरच्या नोंदीत ठिकाण लागतं, फॉलो-अपच्या नोंदीत तारीख. 'डोळे दाखवून घ्या' यात दोन्ही नाही; तो नुसता सल्ला. डॉक्टरांना विचारावं, पण आकडा फुगवायला रेफरमध्ये ढकलू नये.

समजा, करवीर तालुक्यातल्या एका गावात शिबिर झालं आणि ८६ जण तपासले. नोंद १४: बीपी १८४/११२, 'सीपीआर, आजच'. हे सरळ रेफर. नोंद २३: बीपी १४८/९४, '७ दिवसांनी उपकेंद्रात'. हा फॉलो-अप. इथे आजाराच्या रकान्यात 'उच्च रक्तदाबाचा रुग्ण' लिहायची घाई नको. एकदा मोजून निदान होत नाही, म्हणून 'बीपी वाढलेला आढळला' एवढंच लिहायचं.

खरी अडचण नोंद ३१ ची. गरोदर बाई, हिमोग्लोबिन ६.८. सातच्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय, म्हणून तिला सीपीआरला पाठवलं. शिवाय ती पोहोचली का, हे आशाताईंनी दोन दिवसांत घरी जाऊन बघायचं ठरलं. ही नोंद दोन्ही रकान्यांत येणार, पण माणूस एकच.

आता बेरीज. रेफर ११, फॉलो-अप १७, त्यात दोन्हीकडे असलेले ४. अहवालात '२८ जणांना पुढील उपचार' असं लिहिलं की चुकलं. माणसं २४ आहेत आणि उरलेले ६२. चूक पकडायची खूण सोपी आहे: २४ आणि ६२ मिळून ८६ यायला हवेत. नावावरून मोजाल तर एकाच नावाची दोन माणसं एकात जातात, म्हणून मोजणी रजिस्टरच्या अनुक्रमांकावरूनच करावी.

ऊसतोडीच्या टोळीतल्या पेशंटला महिन्यानंतरची तारीख देताना हंगाम कधी संपतो ते आधी विचारावं. टोळी गावी परतल्यावर उपकेंद्रातली तारीख कागदावरच राहते. तिथे त्यांच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्राची चिठ्ठी द्यावी आणि नोंद रेफरमध्ये घ्यावी.

'११ रेफर' म्हणजे अकरा जणांवर उपचार झाले असं नव्हे. त्यापुढे पोहोचले ७, गेले नाहीत ३, संपर्क नाही १ अशी फोड हवी. फॉलो-अपमध्ये 'आले नाहीत' आणि 'तारीख अजून आली नाही' हे वेगळे मोजायचे. अहवाल पाचव्या दिवशी पाठवला, तर नोंद २३ दुसऱ्या गटात बसते.