बराकीतली हवा आणि आईजवळचं मूल

टीबी झालेल्या माणसाचं ताट आणि पेला वेगळा ठेवण्याची पद्धत आपल्याकडे अजून गेलेली नाही. ताट वेगळं केलं की धोका टळला, असं मनाला वाटतं. पण हा जंतू उष्ट्यातून पसरत नाही, तो हवेतून पसरतो. संध्याकाळी कुलूप लागलं की सकाळपर्यंत न उघडणाऱ्या तुरुंगाच्या बराकीत ताटं कितीही वेगळी केली, तरी हवा सगळ्यांची एकच राहते.

त्या हवेत लहान मुलंही श्वास घेतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 सालच्या आर. डी. उपाध्याय खटल्यातल्या निकालाप्रमाणे, मूल सहा वर्षांचं होईपर्यंत कैदी आईजवळ राहू शकतं. 2022 च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत 1,537 स्त्रियांबरोबर 1,764 मुलं होती.

आता त्या हवेकडे नीट बघू. रुग्ण खोकला की थुंकीचे मोठे थेंब लगेच खाली पडतात. बारीक थेंब मात्र वाटेतच वाळतात आणि त्यांचे काही मायक्रॉनचे कण उरतात. हे कण इतके हलके असतात की तासन्‌तास तरंगत राहतात. खोलीत किती कण साठतील, हे रुग्ण किती कण सोडतो आणि बाहेरची ताजी हवा किती येते यावर ठरतं. याचं एक जुनं आणि फार सुंदर सूत्र आहे:

P = 1 − e^(−qpt/Q)

इथे P म्हणजे संसर्गाची शक्यता. q म्हणजे रुग्ण तासाला हवेत सोडत असलेले संसर्गाचे 'डोस', p म्हणजे मूल तासाला आत घेत असलेली हवा, t म्हणजे तास आणि Q म्हणजे तासाला खोलीत येणारी ताजी हवा. आदर्श कारागृह नियमावलीप्रमाणे झोपण्याच्या बराकीत दर कैद्यामागे 15.83 घनमीटर जागा हवी. म्हणजे 20 जणींच्या बराकीत साधारण 317 घनमीटर हवा झाली. समजा, तिथे निदान न झालेली एकच रुग्ण आहे आणि ती तासाला 10 डोस सोडते. झोपलेलं मूल तासाला पाव घनमीटर हवा घेतं. थंडीमुळे गजांवर चादरी लावल्या आहेत, त्यामुळे बराकीतली हवा तासाला एकदाच बदलते. अशा बारा तासांच्या एका रात्रीत संसर्गाची शक्यता सुमारे 9 टक्के येते, आणि सात रात्रींत ती 48 टक्क्यांवर जाते. चादरी काढून हवा तासाला सहा वेळा बदलू दिली, तर तीच सात रात्रींची शक्यता 10-11 टक्क्यांवर उतरते. 10 हा आकडा मी धरलेला आहे. प्रत्यक्षात तो रुग्णागणिक खूप बदलतो, पण खिडकीचं महत्त्व त्याने कमी होत नाही. बराकीत दुप्पट बायका कोंबल्या, तर त्यांच्यात न ओळखलेली रुग्ण असण्याची शक्यताही साधारण दुप्पट होते.

संसर्ग झालेल्या मोठ्या माणसांपैकी आयुष्यभरात पाच-दहा टक्क्यांनाच आजार होतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांत प्रतिबंधक औषध न दिल्यास हेच प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. फुप्फुसातल्या ज्या पेशी जंतूला गिळून कोंडून ठेवतात, त्या बाळात अजून अपरिपक्व असतात. त्यामुळे जंतू रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंतही पोहोचू शकतो. जन्मल्यावर टोचलेली बीसीजी लस अशा गंभीर प्रकारांपासून बरंचसं संरक्षण देते, पण 'बीसीजी झाली, आता टीबी होणारच नाही' ही समजूत चुकीची आहे.

मुलात आजार ओळखणं अवघड असतं. लहान मूल बेडका थुंकत नाही, ते गिळतं. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून जठरातलं पाणी तपासायला घ्यावं लागतं. त्यासाठी बहुतेक वेळा रुग्णालय गाठावं लागतं, आणि आईला सोबत न्यायचं तर पोलीस गार्ड मिळावा लागतो. गार्ड नाही मिळाला की तपासणी पुढे ढकलली जाते. अशा वेळी सर्वांत स्वस्त खूण म्हणजे वजन. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला ताप किंवा खोकला आणि सपाट झालेली वजनाची रेघ दिसली की थांबू नये. अशा वाळत चाललेल्या मुलाला दृष्ट लागली म्हणून काळा दोरा बांधला जातो, आणि त्यात गेलेले आठवडे नंतर भरून काढता येत नाहीत. त्याच 2006 च्या निकालात महिला वैद्यकीय अधिकाऱ्याने मुलांची नियमित तपासणी करून त्यांच्या वाढीवर लक्ष ठेवावं असं सांगितलेलं आहे. वजनाची रेघ काढायला एवढं पुरेसं आहे.

बराकीत टीबीची रुग्ण सापडली की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलात आधी आजार नाही ना, हे पाहावं लागतं. आजार नसेल तर प्रतिबंधक औषध सुरू करायचं, म्हणजे सहा महिने रोज आयसोनियाझिड, वजनाच्या दर किलोमागे साधारण 10 मिलिग्रॅम. रुग्णासोबत एका बंद जागेत रात्र काढणाऱ्याला 'घरातला संपर्क' धरतात. बराकीतलं मूल या व्याख्येत नेमकं बसतं. पण ते कैदी नसल्यामुळे फक्त कैद्यांच्या यादीवरून संपर्क शोधला, तर ते सहज निसटतं.

दुसरी गळती जामिनाची. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. औषधाच्या तिसऱ्या महिन्यात आईला जामीन मिळाला, तर ती संध्याकाळी मुलाला घेऊन फाटकाबाहेर पडते आणि उरलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या तुरुंगाच्या दवाखान्यातच राहतात. गोळ्या, मुलाचं वजनाचं कार्ड आणि गावच्या आरोग्य केंद्राच्या नावे चिठ्ठी, हे तिन्ही औषध सुरू झालं त्याच दिवशी आईच्या हाती दिलं, तर सुटकेची वेळ कुणाला कळवायची गरजच उरत नाही.