कॉडल ब्लॉक (लहान मुलांचा) : बुपिव्हाकेनचं किलोमागे प्रमाण आणि कमाल डोस

माकडहाडाच्या वरच्या टोकाला, सॅक्रम जिथं संपतं तिथं मागच्या बाजूला एक त्रिकोणी उघडी जागा असते, तिला सॅक्रल हायटस म्हणतात, आणि त्यावरच्या पडद्यातून सुई घालून एपिड्यूरल जागेत बधिरीकरणाचं औषध सोडणे म्हणजे कॉडल ब्लॉक. लेकरू आधीच गॅसवर झोपलेलं असतं, ब्लॉक हा दुखणं थांबवायसाठी. हर्निया (गावाकडे आंतरगळ म्हणतात), हायड्रोसील, न उतरलेली अंडगोळी, सुंता, हायपोस्पॅडियस ही याची नेहमीची ऑपरेशनं. विदर्भातल्या जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांत, सर्जरी कॅम्पमध्ये हा ब्लॉक रोजचा आहे, त्यामुळे सुई कशी घालायची ते इथं थोडक्यात येईल. नोंद मुख्यत्वे एकाच प्रश्नावर आहे : किती मिलि द्यायचं, आणि कुठं थांबायचं.

उगम. प्रौढांत हा मार्ग १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कॅथलँ या दोघांनी जवळपास एकाच वेळी मांडला, आधी कोण यावर जुन्या ग्रंथांत मतभेद दिसतात आणि त्यात पडायची गरज नाही. मुलांमध्ये पहिला ठळक अहवाल बहुधा कॅम्पबेल यांचा, १९३३ चा, मूत्ररोगाच्या तपासण्यांसाठीचा. नंतर बरीच वर्षं ही पद्धत मागे पडल्यासारखी दिसते, आणि बुपिव्हाकेन हाताशी आल्यावर १९७० च्या दशकात परत वर आली.

खरा वाद आकारमानाचा आहे. शुल्ट-स्टाइनबर्ग आणि राल्फ्स यांनी १९७० मध्ये औषधाचं प्रमाण वयाशी जोडलं. ताकासाकी यांनी १९७७ मध्ये वजन धरलं, एका सेगमेंटला किलोमागे ०.०५६ मिलि. आणि १९७९ मध्ये आर्मिटेज यांनी सगळ्यात सोपं कोष्टक दिलं जे आजही बहुतेकांच्या तोंडी आहे : ०.२५ टक्के बुपिव्हाकेन, गुदद्वार-शिश्नाच्या कामाला किलोमागे ०.५ मिलि, जांघेतल्या कामाला १ मिलि, छातीच्या मध्यापर्यंत हवं असेल तर १.२५ मिलि, आणि एकूण औषध २० मिलिच्या वर जात असेल तर तीन भाग औषधात एक भाग सलाइन मिसळून ते सुमारे ०.१९ टक्के करायचं.

आता ताकासाकींचा हिशेब जांघेला लावून बघा. बेंबीपर्यंत बधिर हवं म्हणजे सॅक्रमचे पाच, कंबरेचे पाच आणि छातीचे खालचे तीन असे तेरा सेगमेंट, तेरा गुणिले ०.०५६ म्हणजे किलोमागे साधारण ०.७३ मिलि. आर्मिटेज १ म्हणतात. हा फरक आपल्याला वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही, याचं कारण कमाल डोसमध्ये आहे, खाली येईलच. शिवाय अल्ट्रासाउंडने बघणाऱ्यांना औषध टोचल्याबरोबर अपेक्षेपेक्षा खालीच थांबलेलं दिसतं, ते पुढच्या काही मिनिटांत आणखी वर सरकत असावं असं मानतात. म्हणून कोष्टकातला आकडा म्हणजे हमी नाही. वयाच्या पद्धतीपेक्षा वजनाची पद्धत छोट्या मुलांत जास्त विश्वासाची दिसते, साधारण वीस किलोच्या पुढं मात्र तिचाही मेळ ढिला होतो. जांघेच्या कामाला मी स्वतः ०.८ ते १ मिलि प्रतिकिलो या पट्ट्यात राहतो, आणि १ मिलि दिलं तर औषध पातळ करूनच.

कमाल डोस. इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण एकाच इंजेक्शनसाठी दोन आकडे एकाच वेळी धरावे लागतात, मिलि आणि मिलिग्रॅम. टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलित किती मिलिग्रॅम ते कळतं, ०.२५ टक्के म्हणजे २.५ मिग्रॅ, ०.५ टक्के म्हणजे ५ मिग्रॅ. बुपिव्हाकेनची एकदाच द्यायची कमाल मर्यादा किलोमागे २.५ मिग्रॅ धरली जाते, युरोप-अमेरिकेतल्या प्रादेशिक भूल संस्थांच्या २०१८ च्या संयुक्त शिफारशीतही कॉडलसाठी हीच आहे, काही जण २ वरच थांबतात. म्हणजे ०.२५ टक्के औषध १ मिलि प्रतिकिलो दिलं की आपण बरोबर छतालाच टेकलो, खाली एक इंचही जागा उरली नाही. आणि १.२५ मिलि दिलं तर ३.१ मिग्रॅ, छत फोडूनच गेलो. तेच १.२५ मिलि ०.१९ टक्क्याचं दिलं तर २.३ च्या आसपास बसतं, म्हणून पातळ करायची सूचना लक्षात ठेवण्याजोगी आहे, लेकरू मोठं असो की छोटं.

हा २.५ चा आकडा कुठून आला हे स्पष्ट सांगणं अवघड, तो एका प्रयोगातून उतरलेला नाही. १९८० च्या दशकात कॉडलनंतर रक्तातली पातळी मोजली गेली आणि किलोमागे ३ मिग्रॅपर्यंत देऊनही ती प्रौढांत विषारी मानल्या जाणाऱ्या पातळीखालीच राहिलेली दिसली. नंतर १९९० च्या सुरुवातीला एपिड्यूरलमधून सतत औषध चालू असलेल्या मुलांना झटके आल्याचे अहवाल आले आणि मर्यादा आवळल्या गेल्या, त्या आवळण्यात बर्डे यांचं नाव घेतलं जातं. सहा महिन्यांखालच्या बाळात औषधाला बांधून ठेवणारं अल्फा-१ अ‍ॅसिड ग्लायकोप्रोटीन कमी असतं आणि यकृतही कच्चं, म्हणून मोकळं औषध जास्त फिरतं, तिथं डोस एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी करतात.

आपल्याकडची अडचण वजनाची आहे. वयावरून वजन काढायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं, वयात चार मिळवा आणि दोनने गुणा. मेळघाटातल्या नाहीतर गडचिरोलीच्या बाजूच्या कित्येक लेकरांना हे सूत्र लागूच होत नाही. एक उदाहरण. चार वर्षांचा पोरगा, उजवी अंडगोळी उतरली नाही, केसपेपरवर कोणीतरी वजन १६ लिहिलेलं, सूत्रातूनच आलेलं हे उघड आहे. टेबलावर घेताना हाताखाली तो हलका लागला म्हणून परत वजन करायला सांगितलं. आईला काट्यावर उभं केलं लेकरासकट, मग एकटीला, वजाबाकी आली ११.५ किलो. केसपेपरवर भरवसा ठेवून ०.२५ टक्के १६ मिलि दिलं असतं तर ४० मिग्रॅ, म्हणजे खऱ्या वजनाला जवळपास ३.५ मिग्रॅ प्रतिकिलो.

खऱ्या वजनावर हिशेब असा. छत ११.५ गुणिले २.५ म्हणजे २८.७५ मिग्रॅ. अंडगोळी ओढताना पोटात वरपर्यंत दुखतं, बधिरपणा बेंबीपर्यंत हवा, म्हणून आकारमान पूर्ण १ मिलि प्रतिकिलो, ११.५ मिलि. ०.२५ टक्क्याचं ९ मिलि आणि सलाइन ३ मिलि, एकूण १२ मिलि तयार, त्यातलं अर्धा मिलि टाकून दिलं. उरलं ते साडेएकवीस मिग्रॅच्या आसपास, किलोमागे १.९. छताखाली सात मिग्रॅ शिल्लक राहिले आणि ते कामाला आले, कारण सर्जनने शेवटी टाक्याच्या कडेला थोडं बुपिव्हाकेन टोचायचं म्हटलं. तेही याच खात्यातून जातं, ०.२५ टक्क्याचं जास्तीत जास्त २.८ मिलि, अडीच देऊन थांबायचं. ब्लॉक फसला आणि परत द्यायचं मनात आलं तर पहिला डोस अंगातच आहे हे धरूनच मोजायचं.

एकाग्रतेबाबत वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये ०.१२५ टक्के पुरेसं असल्याचं दाखवलं, वेदनाशमन तेवढंच आणि पाय कमी जड. गुंटर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ०.१७५ टक्क्याची बाजू घेतली. दोन्ही ०.२५ च्या खाली आहेत हे महत्त्वाचं, आणि वरचं मिश्रण गुंटरच्या जवळ जातं.

कुपीतला गोंधळ. ०.५ टक्क्याची कुपी ०.२५ समजून ओढली आणि पातळ न करताच दिली तर वरच्याच पोराला ११.५ मिलित ५७.५ मिग्रॅ जातील, किलोमागे ५, छताच्या दुप्पट. म्हणून ०.५ हातात असेल तर आधी औषधाएवढंच सलाइन, मगच पुढचं मिश्रण, आणि सिरिंजवर टक्के आणि मिग्रॅ दोन्ही लिहिलेले. हेवी बुपिव्हाकेन म्हणजे डेक्स्ट्रोज घातलेली स्पायनलची छोटी अँप्युल, ती यासाठी नाही.

देताना. लेकरू कुशीवर, गुडघे पोटाशी, २२ नंबरची सुई, पडदा फाटल्याचा ठक जाणवला की फक्त एक-दोन मिलिमीटर पुढं. ड्युराची थैली नवजात बाळात तिसऱ्या सॅक्रल मणक्यापर्यंत खाली असते, खोल गेलं तर स्पायनलच होईल. ओढून बघायचं, रक्त नाही आणि पाणी नाही, पण कोरडी सिरिंज म्हणजे सुई शिरेत नाही असा पुरावा नव्हे, या मुलांच्या शिरा ओढल्या की चिकटून बसतात. म्हणून आधी अ‍ॅड्रेनालिनचा टेस्ट डोस, एका मिलित ५ मायक्रोग्रॅम असलेलं मिश्रण किलोमागे ०.१ मिलि, या पोराला साधारण १.१ मिलि, तेही एकूण मोजातूनच. मॉनिटरवर टी-लाट उंचावली किंवा नाडी मिनिटाला दहाच्या वर वाढली तर सुई काढायची. नसेल तर बाकीचं थोडं-थोडं, मध्ये थांबत, नजर इसीजीवर. झोपलेलं लेकरू कानात आवाज येतोय, जीभ बधिर झालीय असं सांगणार नाही आणि स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल तर झटकेही दिसणार नाहीत, त्यामुळे पहिली खूण बहुधा हृदयाचीच, क्यूआरएस रुंद होणं किंवा ताल बिघडणं. रक्तातली पातळी कॉडलनंतर साधारण अर्ध्या तासात चढते, तोवर मॉनिटर सोडून जायचं नाही.

झालंच तर ऑक्सिजन, मदत बोलवा, झटके असतील तर मिडाझोलाम, आणि २० टक्के लिपिड इमल्शन किलोमागे १.५ मिलि मिनिटभरात, पुढं मिनिटाला किलोमागे ०.२५ मिलि. ११.५ किलोला हे सुमारे १७ मिलि, मग मिनिटाला ३ च्या आसपास, एकूण १२ मिलि प्रतिकिलोच्या आत. अ‍ॅड्रेनालिन लागलं तर अगदी छोट्या डोसांत, किलोमागे १ मायक्रोग्रॅमच्या आत. प्रोपोफॉलमध्ये तेलकट द्रव असतो म्हणून ते लिपिडच्या जागी चालत नाही, त्याने हृदय आणखी बसतं. शिरेतून पोषण द्यायला वापरतात ती लिपिडची बाटली ऑपरेशन थिएटरमध्ये सुईआधी डोळ्यापुढं असावी. ती नसेल तर मी १ मिलि प्रतिकिलोच्या वाटेला जात नाही, ताकासाकींच्या हिशेबानं ८.४ मिलि आणि त्याच पातळ मिश्रणाचं, एवढ्यावर थांबतो.

असर चार ते सहा तास. वॉर्डात त्याची आई विचारत होती, "डॉक्टर, याचे पाय काहून हालून नाही राहिले जी?" दोन तासांनी त्याने अंगठा हलवला, चौथ्या तासाला बसून लघवी केली, आणि पाय सुटू लागले तेव्हाच पॅरासिटामॉल सुरू केलं, दुखणं परत यायच्या आधी.