तुमच्या पाण्याच्या अहवालातला आकडा कसा तयार होतो

अमळनेरकडच्या एका शेतकरी दादांनी मागे दोन अहवाल आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवले. विहीर तीच, पण एका कागदावर काठिण्य ४५८.०९८६६६७ आणि दुसऱ्यावर ४५२. "यामा खरा आकडा कोन्ता शे, भाऊ?" असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर इथे सविस्तर देत आहोत. ज्याच्या ठिबकच्या नळ्यांत क्षार धरतात त्या प्रत्येक बागायतदाराला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

काठिण्य म्हणजे पाण्याचा जडपणा. तो मोजताना आम्ही २५ मिली पाणी घेतो आणि त्यात ब्युरेटमधून, म्हणजे खुणा आखलेल्या काचेच्या नळीतून, ईडीटीए या रसायनाचं द्रावण थेंबाथेंबाने सोडतो. पाण्यात घातलेल्या रंगद्रव्याचा लालसर रंग जाऊन निळा झाला की थांबतो आणि ब्युरेट वाचतो. त्या पाण्याची आमच्या कच्च्या वहीतली तीन वाचनं ११.४०, ११.४५ आणि ११.४० मिली होती. पाण्याच्या नमुन्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर घेऊन केलेलं ब्लँक ०.१० होतं. त्या दिवशी तपासलेल्या द्रावणाचा १ मिली १.०१२ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटच्या बरोबरीचा होता.

आता हिशेब. सरासरी ११.४१६७, ब्लँक वजा करून ११.३१६७. त्याला १.०१२ ने गुणायचं आणि २५ मिलीवरून लिटरवर न्यायला ४० ने गुणायचं. एक्सेल ४५८.०९८६६६७ दाखवतं. पण आमच्या ब्युरेटवर ०.०५ मिलीपेक्षा बारीक वाचता येत नाही, आणि तेवढ्याने उत्तर २ मिलिग्रॅमने हलतं. म्हणजे ४५८ मधला ८ सुद्धा डळमळीतच आहे. त्यापुढचे सात अंक पाण्यातून आलेले नाहीत, भागाकारातून आलेले आहेत. म्हणून अहवालात तीनच सार्थ अंक लिहायचे : ४५८.

मग ४५२ कुठून आलं? तिथे प्रत्येक पायरीवर अंक छाटले गेले होते. सरासरी ११.४, ब्लँक काढून ११.३, आणि १.०१२ चं झालं १.०. चाळीसने गुणलं की ४५२. वाचनं तीच, पण घाईपायी ६ मिलिग्रॅम गायब. आमच्याकडे वहीत सगळे अंक तसेच राहतात, छाटणी फक्त शेवटी एकदाच होते.

एक्सेलची उलटी खोडही आहे. फ्लोराइड ०.९७ आलं तर एका दशांशापर्यंत ते १.० होतं, पण साध्या रकान्यात नुसता 1 दिसतो. १.० आणि १ हे एकच नव्हेत. शून्य लिहिलं म्हणजे तो दशांश मोजलेला आहे. म्हणून रकान्याचा फॉरमॅट असा द्यावा लागतो :

```
0.0
```

किती अंक ठेवायचे याला आधार आहे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, मर्यादा जितक्या अंकांत दिली आहे, निकालही तितक्याच अंकांत द्यायचा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र एककाची असते, आणि ती आकड्यात दिसत नाही. नायट्रेट काही यंत्रं 'नायट्रोजन' म्हणून दाखवतात, तर मानकातली ४५ ची मर्यादा 'नायट्रेट' म्हणून आहे. याच विहिरीचं वाचन नायट्रोजन म्हणून १४.२ होतं. ४५ शेजारी १४.२ ठेवलं तर पाणी अगदी निर्धोक वाटतं. पण नायट्रेटमध्ये आणायला ४.४३ ने गुणावं लागतं, म्हणजे ६३. मर्यादा ओलांडली! 'मि.ग्रॅ./लिटर' एवढंच एकक लिहिलेलं असेल तर यातलं काहीच कळत नाही.

म्हणून आमचा तक्ता असा दिसतो. शीर्षक नेहमी वर असतं, आणि तेवढं वाचून तक्ता समजला पाहिजे असा आमचा हट्ट आहे.

तक्ता १ : विहिरीच्या पाण्यातील तीन घटक, मि.ग्रॅ./लिटर. नमुना पंप १० मिनिटं चालवून घेतला. काठिण्य तीन वाचनांच्या सरासरीवरून. मर्यादा आयएस १०५०० : २०१२ नुसार.

| घटक | निकाल | स्वीकार्य मर्यादा | पर्याय नसल्यास मर्यादा |
|---|---|---|---|
| एकूण काठिण्य (कॅल्शियम कार्बोनेट म्हणून) | ४५८ | २०० | ६०० |
| नायट्रेट (नायट्रेट म्हणून) | ६३ | ४५ | सवलत नाही |
| फ्लोराइड | १.० | १.० | १.५ |

एखादा घटक सापडलाच नाही तर आम्ही ० लिहीत नाही. आमची पद्धत ०.१ पर्यंतच पाहू शकत असेल तर '०.१ पेक्षा कमी' असं लिहितो, कारण शून्य आम्ही मोजलेलं नसतं.

जुना अहवाल घरात असेल तर नायट्रेटच्या ओळीत 'नायट्रेट म्हणून' की 'नायट्रोजन म्हणून' ते आधी पाहा. काहीच लिहिलेलं नसेल तर कागद घेऊन या. आणि नव्या बाटलीवर विहीर की बोअर, तारीख, आणि पंप किती वेळ चालू होता हे पेनाने लिहून आणा. शीर्षकातली ही माहिती आम्हाला बाटलीवरूनच मिळते.