पैसे परत गेले? पासबुकाचं पहिलं पान पुन्हा वाचा

महाडीबीटीची शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते, तिथल्या अडचणी वेगळ्या. पण कॉलेजची अनामत, परीक्षा फीचा परतावा, एखाद्या संस्थेची शिष्यवृत्ती यांत खात्याचा तपशील आपणच भरतो, आणि घोळ तिथंच होतो.

मागच्या महिन्यात दारव्ह्याकडची एक मुलगी केंद्रावर आली. अनामत दोनदा परत गेलेली. "नंबर त बरोबरच टाकला ना भाऊ, पासबुक पाहूनच टाकला!" पासबुक स्टेट बँकेचं. पहिल्या पानावर खाते क्रमांक आणि त्याच्या जवळच सीआयएफ क्रमांक. दोन्ही 11 आकडी. तिनं सीआयएफ उतरवला होता. तो ग्राहकाचा क्रमांक असतो, खात्याचा नाही. आकडे मोजून फॉर्मनं तो मुकाट्यानं घेतला, आणि ऑफिसवाल्यांनी 'खाते चुकीचे' एवढाच शेरा मारून हात झटकले. काय चुकलं ते कोणी सांगेल तर शपथ!

तिचे पैसे निदान परत तरी गेले. एखादा आकडा इकडचा तिकडे होऊन तो नंबर दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे त्याच्याकडे जाऊ शकतात. एनईएफटीत रक्कम खाते क्रमांकावरच जमा होते, नाव जुळवलंच जाईल असं धरून चालू नका.

'शाखा कोड' म्हटलं की फॉर्मला बहुतेकदा आयएफएससी हवा असतो. तो 11 अक्षरांचा: आधी बँकेची 4 अक्षरं, मग शून्य, मग शाखेची 6. पाचव्या जागी नेहमी शून्यच, इंग्रजी ओ नाही. स्टेट बँकेचा कोड SBIN0 असा सुरू होतो. शेजारचा 9 आकडी एमआयसीआर इथं चालत नाही. ज्यांचं खाते विदर्भ कोकण ग्रामीण बँकेत होतं, त्यांनी जुन्या पासबुकावरचा कोड तसाच उतरवू नये. ती बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. चालू कोड शाखेत विचारून पासबुकावर लिहून घ्या.

खात्याचा प्रकार विचारला तर जनधन खातंही 'बचत'च. खरा धोका बापाच्या पीक कर्जाच्या खात्याचा. घरात तेच पासबुक हाताशी असतं, म्हणून पोरं तोच नंबर टाकतात. ते केसीसी खातं बचत नव्हे, कर्जाचं आहे. आलेले पैसे कर्जातच वळते होतात, आणि बँकेत भांडूनही फार काही हाती लागत नाही. पासबुकावर 'केसीसी' किंवा 'कॅश क्रेडिट' दिसलं तर ते बाजूला ठेवा.

फॉर्म पाठवण्याआधी तोच नंबर आणि कोड टाकून दुसऱ्याच्या मोबाइलवरून एक रुपया पाठवा. पासबुकात नोंद पडली की मगच सबमिट दाबा. त्या मुलीचा रुपया संध्याकाळी दिसला, मग तिसरा अर्ज गेला.