आई बेशुद्ध, भावंडे दुभंगलेली: उपचारांचा निर्णय कोणाचा, याची पार्श्वभूमी

रुग्णालयात दाखल करताना संमतिपत्रावर ‘नातेवाईकाची सही’ अशी एक ओळ असते. जो आधी पोहोचतो तो सही करतो, आणि बहुतेक घरांत असे धरले जाते की ज्याची सही त्याचा अधिकार. कुठे थोरल्याचा शब्द शेवटचा मानला जातो, कुठे बिल भरणाऱ्याचा. पण प्रौढ माणूस बेशुद्ध झाला म्हणून त्याच्या शरीरावरचा हक्क आपोआप मुलांकडे जातो, असे कायद्याने फारसे कुठे म्हटलेले नाही. मुलांना जे काही स्थान मिळाले ते गेल्या सत्तर वर्षांत, तुकड्यातुकड्यांनी आणि बऱ्याचदा न्यायालयात भांडून मिळाले. भावंडांचे मत फुटते तेव्हा त्या स्थानाची मर्यादा उघडी पडते.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. खोल बेशुद्धीत गेलेला माणूस काही दिवसांत दगावत असे, त्यामुळे ठरवण्यासारखे फार थोडे उरत असे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने, तासन्‌तास, हाताने पिशवी दाबून त्यांना हवा दिली. त्या अनुभवातून पुढे व्हेंटिलेटर आणि आयसीयू रूढ झाले. आता शरीर चालू राहू शकत होते आणि शुद्ध परत येईलच याची खात्री नव्हती. थांबायचे की नाही, हे कोणीतरी ठरवणे भाग पडले.

आश्चर्य वाटेल, पण या प्रश्नाचे पहिल्या काही नेमक्या उत्तरांपैकी एक धर्मपीठाकडून आले. भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी नोव्हेंबर 1957 मध्ये सांगितले, की कुटुंबाचे हक्क आणि कर्तव्ये साधारणपणे बेशुद्ध रुग्णाच्या गृहीत धरलेल्या इच्छेवर अवलंबून असतात. म्हणजे मुलांनी ‘आम्हाला काय वाटते’ हे सांगायचे नाही, ‘आईला काय वाटले असते’ हे सांगायचे. पुढच्या सगळ्या कायद्याचा गाभा या एका फरकात आहे, आणि आयसीयूच्या दाराशी सगळ्यात आधी विसरला जातो तोही हाच फरक.

न्यायालयांना तिथे पोहोचायला वीस वर्षे लागली. अमेरिकेतील न्यू जर्सीत कॅरन क्विनलन या एकवीस वर्षांच्या तरुणीच्या वडिलांनी तिचा व्हेंटिलेटर काढण्याची परवानगी मागितली. 1976 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की उपचार नाकारण्याचा हक्क मूळचा तिचाच आहे. ती बोलू शकत नाही म्हणून तिने काय ठरवले असते याचा अंदाज पालक आणि कुटुंबाने करावा, आणि रुग्णालयाच्या समितीचे मत घ्यावे. डॉक्टरांचे निदानही किती सावधपणे घ्यायला हवे, हे याच प्रकरणात दिसले. व्हेंटिलेटर काढल्यावर ती स्वतः श्वास घेऊ लागली आणि 1985 पर्यंत जगली, मात्र शुद्ध कधीच आली नाही.

क्विनलनच्या घरात मतभेद नव्हते, म्हणून तो निकाल आपल्या प्रश्नाला अर्धेच उत्तर देतो. कुटुंबाचे म्हणणे कितपत ग्राह्य धरायचे, हा मुद्दा 1990 च्या क्रूझन निकालात पुढे आला; नॅन्सी क्रूझन या बेशुद्ध तरुणीच्या आईवडिलांना तिला नळीतून दिले जाणारे अन्न थांबवायचे होते. जवळच्या नातेवाइकांचे मत रुग्णाच्या मतासारखेच असेल याची आपोआप खात्री देता येत नाही, म्हणून राज्य स्पष्ट आणि पटण्याजोगा पुरावा मागू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हे शब्द नॅन्सीच्या आईवडिलांना कठोर वाटले असतील. पण नंतरच्या अभ्यासांनी ते खोटे ठरवले नाहीत. 2006 मध्ये सोळा अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा जवळच्या माणसांनी रुग्णाची पसंती सुमारे 68 टक्के वेळा बरोबर ओळखली होती. म्हणजे तीनांत एकदा प्रेमाची माणसेही चुकत होती. भावंडांपैकी एखादा छातीठोकपणे ‘मला माहीत आहे’ म्हणतो, तेव्हा ही संख्या लक्षात ठेवावी.

क्रूझन निकालाच्या सुमारास दोन वेगळ्या वाटा पडल्या. अमेरिकेतील अनेक राज्यांनी नात्यांची क्रमवारी ठरवली: न्यायालयाने नेमलेला पालक, मग पती किंवा पत्नी, मग प्रौढ मुले, मग आईवडील, मग भावंडे, असा साधारण क्रम. प्रौढ मुले सगळी एकाच पायरीवर. थोरला-धाकटा, मुलगा-मुलगी, जवळचा-परदेशातला असा भेद नाही. मग फूट पडली तर? 1991 च्या इलिनॉयच्या कायद्याने एकमताचा प्रयत्न करायला सांगितला आणि तो फसला तर बहुमत मानले. राज्यांनी स्वीकारावा म्हणून तयार केलेल्या 1993 च्या नमुना कायद्यानेही बहुमत मानले, पण मते समसमान पडली तर त्या पायरीवरची सगळी माणसे आणि तिच्या खालचीही सगळी निर्णयातून बाद, असे लिहिले. दोन विरुद्ध दोन झाले की चौघांचाही आवाज जातो आणि न्यायालयाने पालक नेमण्याची वाट उरते. मला स्वतःला हे बहुमत नेहमी खटकत आले आहे. आईची इच्छा हात वर करून मोजण्याची गोष्ट नाही. तीन मुलांनी मिळून चुकीचा अंदाज केला तरी तो चुकीचाच.

इंग्लंडने उलट वाट धरली. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने स्पष्ट केले, की निर्णयक्षमता नसलेल्या प्रौढाच्या वतीने संमती देण्याचा अधिकार कोणालाच नाही. डॉक्टरांनी रुग्णाच्या हिताचे असेल ते करावे. 2005 च्या कायद्याने त्यात भर घातली. हित ठरवताना रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छा, भावना आणि श्रद्धा पाहायच्या आणि जवळच्यांना विचारायचे. मुले इथे साक्षीदार आहेत, मालक नाहीत. 2018 च्या एका निकालाप्रमाणे सगळ्यांचे एकमत असेल तर न्यायालयात जायची सक्ती नाही, पण मतभेद असेल तर जायला हवे.

फ्रान्सची वाटही डॉक्टरांकडेच जाते, पण व्हिन्सेंट लॅम्बेर प्रकरण दाखवते की स्पष्ट नियम असूनही कुटुंब किती काळ झुंजू शकते. 2008 च्या अपघातानंतर तो बेशुद्धावस्थेत होता आणि लेखी काहीच नव्हते. पत्नी आणि काही भावंडे उपचार थांबवण्याच्या बाजूने होती. आईवडील, एक बहीण आणि एक सावत्र भाऊ विरुद्ध गेले. व्हिन्सेंट स्वतः नर्स होता, आणि असे जगणे नको हे तो आपल्या माणसांशी बोलला होता. 2014 मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्या बोलण्याला वजन दिले, 2015 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हरकत घेतली नाही, तरीही प्रकरण 2019 पर्यंत चालले.

भारतात नात्यांची उतरंड ठरवणारा सर्वसाधारण कायदा नाही. 2008 च्या समीरा कोहली निकालात, रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईने दिलेली संमती सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी मानली नाही. तातडीची गरज नव्हती आणि शुद्धीवर आल्यावर रुग्णालाच विचारता आले असते. 2011 च्या अरुणा शानबाग निकालाने उपचार थांबवण्याचा प्रश्न पहिल्यांदा नीट हाताळला: आईवडील, जोडीदार किंवा जवळचे नातेवाईक, तेही नसतील तर जिव्हाळ्याची माणसे किंवा डॉक्टर ठरवू शकतात, पण उच्च न्यायालयाची मंजुरी हवी. 2018 च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने हे ओझे वैद्यकीय मंडळांकडे नेले, आणि जानेवारी 2023 मध्ये ती रीत सोपी झाली. उपचारांविषयीचे लेखी इच्छापत्र नसेल तर उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, त्यानंतर दुय्यम मंडळ, नातेवाइकांची संमती, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवणे. मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यावे. मात्र मुलांपैकी कोणाचा शब्द चालेल हे इथेही लिहिलेले नाही.

हे सगळे एका कल्पित घरावर ठेवून पाहू. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला मेंदूत रक्तस्राव झाला आहे, वडील हयात नाहीत, दहा दिवस ती व्हेंटिलेटरवर आहे. डॉक्टर विचारतात, “ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवून, पुढे जायचं का?” चार मुलांपैकी दोघे हो म्हणतात, दोघे नको. दाखल करताना थोरल्याने सही केली होती; त्या सहीने त्याला आजचा निर्णय मिळत नाही. तातडीची वेळ आली तर मतभेद असले तरी डॉक्टर जीव वाचवण्याचे उपचार थांबवून ठेवत नाहीत. फूट असली की प्रत्यक्षात उपचार चालू राहतात. म्हणजे ‘काहीच ठरवले नाही’ हाही एका बाजूचाच निर्णय ठरतो, आणि त्याची किंमत बिछान्यावरची आई मोजते.

अशा वेळी बैठकीतला पहिला प्रश्न बहुतेकदा चुकतो. “तुमचं काय ठरलं?” असे विचारले की प्रत्येक जण आपली बाजू धरून बसतो. वृद्धांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी 1991 मध्येच नोंदवले होते, की लांब राहणारे मूल अचानक येते आणि सगळे उपचार करा म्हणून हट्ट धरते. आईची गेल्या दोन वर्षांतली घसरण त्याने पाहिलेली नसते आणि अपराधीपण मात्र भरपूर असते. प्रश्न बदलला की गोष्ट बदलते: “आई आत्ता इथे बसून हे ऐकत असती तर काय म्हणाली असती?” मग धाकटी सांगते, की मावशी महिनाभर आयसीयूत होती तेव्हा आई म्हणाली होती, “मला असं नळ्यांना बांधून ठेवू नका.” दुसरा सांगतो, की मागच्या वर्षी न्यूमोनियात तिने स्वतःहून सगळे उपचार मागितले होते. दोन्ही पुरावेच आहेत आणि एकमेकांना खोडत नाहीत. बरी होण्याची आशा असेल तर लढायचे आणि नसेल तर ओढायचे नाही, असे तिचे मत असू शकते. म्हणजे आता खरा प्रश्न उरतो तो बरे होण्याच्या शक्यतेचा, आणि तो डॉक्टरांनी आकड्यांचा आडपडदा न ठेवता सांगायचा आहे.

इथे मुदतीचा प्रयोग उपयोगी पडतो. ट्रॅकिओस्टॉमी करून दोन-तीन आठवडे पाहू, असे ठरवायचे, पण आधीच लिहून ठेवायचे की काय दिसले तर सुधारणा मानायची: डोळे उघडून माणसाकडे पाहणे, ‘हात दाबा’ म्हटल्यावर दाबणे, यंत्राचा आधार कमी करता येणे. काय दिसले नाही तर ट्रॅकिओस्टॉमी असूनही व्हेंटिलेटर काढण्याची चर्चा सुरू होईल, हेही तिथेच लिहायचे. लिहिले नाही तर तीन आठवड्यांनी तेच भांडण नव्याने सुरू होते.

त्यानंतरही दोन विरुद्ध दोन राहिले, तर भारतात नाराज बाजूला राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाता येते. न्यायालय तीन डॉक्टरांची स्वतंत्र समिती नेमून तिचा अहवाल मागवू शकते. तिथे चौघांपैकी कोणाची सही आहे हे फारसे महत्त्वाचे नसते. चौघांनाही, वेगवेगळे, सांगावे लागते ते आईने काय म्हटले होते, कधी म्हटले होते आणि कोणासमोर.