एक पेर मलम: मुलांच्या इसबावर स्टेरॉइड किती लावायचं, हे माप कुठून आलं

स्टेरॉइडची मलमं 1950च्या दशकात आली. पुढच्या दशकात त्यांचे जोरदार प्रकार निघाले, आणि ती महिनोन्महिने लावल्यावर त्वचा पातळ होते हेही दिसलं. त्या धास्तीतून एक सूचना कायमची चिकटली: 'थोडंसं, पातळ लावा.' थोडंसं म्हणजे किती, हे मात्र कुणी सांगत नव्हतं. एक आई मटाराएवढं लावायची, दुसरी अर्धी ट्यूब.

1991 साली वेल्समधल्या कार्डिफ इथल्या त्वचाविकारतज्ज्ञांनी यावर साधा उपाय सुचवला. ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटर रुंद असेल, तर मोठ्या माणसाच्या तर्जनीवर टोकापासून पहिल्या घडीपर्यंत पिळलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. त्यांच्या मोजणीत पुरुषांच्या बोटावर 0.49 आणि स्त्रियांच्या बोटावर 0.43 ग्रॅम भरलं. यालाच 'फिंगरटिप युनिट' म्हणतात. पुढच्याच वर्षी हाताच्या पंजाचं गणित आलं: बोटं जुळवलेले मोठ्या माणसाचे दोन पंजे मावतील एवढ्या त्वचेला एक युनिट पुरतं. मुलांसाठी वयानुसार तक्ता 1998 साली आला.

सगळा घोळ या नावातच आहे. 'फिंगरटिप' म्हटलं की डोळ्यांसमोर बोटाचं टोक येतं, आणि बरेच पालक टोकावर टिकलीएवढं मलम घेतात. माप टोकाचं नाही, अख्ख्या पेराचं आहे. मराठीत याला पहिल्यापासून 'एक पेर' म्हटलं असतं तर निम्मा गोंधळ झालाच नसता. दुसरा घोळ बोट कुणाचं, याचा. मलम मुलाला लावायचं म्हणून मुलाचंच बोट मोजणारे पालक मी पाहिले आहेत, आणि त्यांची चूक समजण्यासारखी आहे. बोट कायम मोठ्या माणसाचं धरायचं. मूल लहान म्हणून बदलते ती पेरांची संख्या. पंजाही मोठ्या माणसाचाच.

समजा, दीड वर्षाची मुलगी आहे. दोन्ही पाय मांडीपासून पावलापर्यंत इसबाने भरलेत आणि कोपरांच्या आतल्या बाजूला चट्टे आहेत. एक ते दोन वर्षांसाठी तक्ता पावलासह एका पायाला 2 पेरं देतो, म्हणजे दोन पायांना 4. तक्त्यातला आकडा अवयव पूर्ण भरला असेल तरच धरायचा. तुटक चट्टे पंजाने मोजायचे. दोन्ही कोपरांचे मिळून आईच्या एका पंजाएवढे होतात, म्हणून अर्धं पेर. एकूण साडेचार पेरं, म्हणजे सव्वादोन ग्रॅम. डॉक्टरांनी दिवसातून एकदा, सात दिवस सांगितलं असेल तर पावणेसोळा ग्रॅम लागतं. 15 ग्रॅमची ट्यूब शेवटच्या दिवशी अपुरी पडते. ती महिनाभर पुरवली जाते, तेव्हा इसब धड बरा होत नाही, आणि घरात बोललं जातं की औषध लागू पडत नाही.

म्हणूनच 'पातळ लावा' या दोन शब्दांवर वाद झाला. 2008 साली ब्रिटनमध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने ही सूचना काढून टाकावी आणि पेराचं माप द्यावं असं लिहिलं. विरोधात असलेल्यांची काळजीही खोटी नव्हती: चेहरा, जांघ, काख इथली त्वचा नाजूक असते, आणि जोरदार मलम तिथे त्रास देतं. पण पेर फक्त किती लावायचं ते सांगतं. कोणत्या ताकदीचं आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतात. ही दोन मापं एकत्र गुंतवून पालकांना नुसतं 'थोडंसं' सांगणं मला अन्यायाचं वाटतं, कारण त्याची खाज मूल रात्रभर सोसतं.

आपल्याकडची भीती वेगळ्या वाटेने आली. दुकानातून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतलेली, स्टेरॉइड असलेली मिश्र मलमं नायट्यावर चोळल्याने नायटा पसरून चिवट झाल्याची उदाहरणं खूप आहेत. 2018 साली केंद्राने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीच्या यादीत घातली. ते योग्यच होतं. मात्र त्या मलमांची बदनामी खऱ्या इसबाच्या मुलालाही भोवते.

एक अडचण आजही उरली आहे. ट्यूबचं तोंड 5 मिलिमीटरचं असेलच असं नाही. तोंड 3 मिलिमीटरचं असेल तर तेवढ्याच लांबीच्या रेघेत पाव ग्रॅमही मलम येत नाही, कारण रुंदी आणि जाडी दोन्ही घटतात. नव्या ट्यूबवर वजन लिहिलेलं असतं. त्यातून किती पेरं निघाली हे मोजून ठेवा. 15 ग्रॅममधून तीसच्या आसपास निघाली तर तक्ता जसाच्या तसा वापरता येतो. साठ-सत्तर निघाली तर ती ट्यूब डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात दाखवून पेरांची संख्या नव्याने ठरवून घ्या.