ऑनलाइन समारंभाला यायची वेळ: आमच्या ग्राहकांसाठी आणि त्यांच्या परदेशातल्या नातेवाइकांसाठी

समारंभ ठरला की आम्हाला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो: "आमच्याकडे नक्की किती वाजता?" आणि समारंभ संपल्यावर येणारा फोनही बहुतेक वेळा एकच असतो: "आम्ही वेळेवर आलो, तर औक्षण झालेलं होतं." म्हणून या पत्रकात जास्त जागा वेळेला दिली आहे. लिंक कशी उघडायची हे आता घरातल्या आजीलाही येतं.

चूक गणिताची नसते. चूक होते ती फोनमधलं जागतिक घड्याळ बघून वेळ काढताना. ते घड्याळ आजचा फरक दाखवतं, समारंभाच्या दिवशीचा नाही. भारतात घड्याळ वर्षभर एकच असतं, त्यामुळे तिकडचं घड्याळ पुढेमागे होतं हे आपल्या लक्षात राहत नाही. शिवाय सगळे देश ते एकाच दिवशी करत नाहीत. ब्रिटन आणि युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे घेतात, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, आणि सिडनी-मेलबर्नला तर ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ते एक तास पुढे जातं. ब्रिस्बेन आणि फिनिक्स या भानगडीत पडतच नाहीत. म्हणून आम्ही नोंदणीच्या वेळी देश विचारत नाही, शहर विचारतो. काहींना ही नसती चौकशी वाटते, पण "ऑस्ट्रेलिया" एवढ्यावरून वेळ काढता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे, रविवार, १ नोव्हेंबर २०२६. एक मुलगा न्यू जर्सीत, नात सॅन होजेला, पुतण्या लंडनला, धाकटी मुलगी सिडनीला. घरच्यांनी ठरवलं, संध्याकाळी साडेसातला ८१ दिव्यांचं औक्षण.

ऑक्टोबरच्या मध्याला कोणीतरी फोनमध्ये बघतं. न्यू जर्सी साडेनऊ तास मागे दिसते, लंडन साडेचार. ग्रुपवर मेसेज जातो: "न्यू जर्सी सकाळी १०, लंडन दुपारी ३." पण लंडनचं घड्याळ २५ ऑक्टोबरला मागे गेलेलं असेल आणि अमेरिकेचं त्याच १ तारखेच्या पहाटे. त्यामुळे खरी वेळ न्यू जर्सीत सकाळी ९ आणि लंडनला दुपारी २. दोघेही मेसेजवर विश्वास ठेवून बरोबर एक तास उशिरा येणार. मार्चमध्ये, पाडव्याच्या आसपास, हेच उलटं होतं: माणूस तासभर लवकर येतो आणि रिकाम्या पडद्याकडे बघत बसतो. ते निभावून नेता येतं, दिवाळीच्या सुमाराची चूक निभावता येत नाही.

याच दिवशी आणखी एक गंमत आहे. साडेसातची वेळ सिडनीच्या लेकीला रात्री एक वाजता पडते, तीही सोमवारी, आणि सॅन होजेच्या नातीला सकाळी ६ ला. म्हणून अशा कुटुंबाला आम्ही दोन बैठका सुचवतो. पहिली पुण्याच्या सकाळी साडेसातला: तेव्हा सिडनीत दुपारचा एक, सॅन होजेत शनिवारची संध्याकाळ, ७ वाजलेले, न्यू जर्सीत शनिवारीच रात्रीचे १०. आता नीट बघा, सकाळी न्यू जर्सीशी फरक साडेनऊ तासांचा आणि संध्याकाळी साडेदहाचा, कारण त्यांचं घड्याळ मधे, आपल्या सकाळी साडेअकराला, बदललं. एकाच घराला एकाच दिवशी दोन फरक. दोन बैठकांचे पैसे जास्त का, असं विचारणाऱ्यांना आम्ही हा हिशोब दाखवतो. या दोन्हींपैकी कुठलीही एकच वेळ ऑस्ट्रेलिया, युरोप आणि कॅलिफोर्निया तिघांनाही जागं असताना गाठत नाही. कोणाची तरी झोप जातेच. तुमच्याकडे फक्त युरोप आणि अमेरिकेचा पूर्व किनारा असेल, तर संध्याकाळची एक बैठक पुरते, दुसरी घेऊ नका.

म्हणून विनंती एवढीच: आमच्याकडून आलेलं कॅलेंडरचं आमंत्रण जसंच्या तसं पुढे पाठवा. ते उघडणाऱ्याला त्याच्या गावची वेळ आणि वार आपोआप दिसतो, घड्याळबदल धरून. त्यातली वेळ हाताने पुन्हा टाइप करू नका, स्क्रीनशॉट तर नकोच, कारण त्यात तुमच्याच गावची वेळ गोठलेली असते. "IST" एवढंच लिहूनही भागत नाही. डब्लिनला उन्हाळ्यात त्यांच्या स्वतःच्या वेळेलाही हीच अक्षरं वापरतात. लिहायचंच असेल तर "पुणे, रविवार १ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०" असं शहर आणि वारासकट लिहा.

आत आल्यावरचं थोडक्यात. झूममध्ये आमचा माणूस यादी बघून एकेकाला आत घेतो. तुमचं नाव "iPhone" किंवा "Galaxy" असं दिसलं तर तो विचारात पडतो आणि तुम्ही बाहेर ताटकळता. आत येताना नावाच्या जागी "मंदा आत्या, सिडनी" असं लिहा. पंधरा मिनिटं आधी या.

आत येता आलं नाही तर समारंभाच्या घरी फोन करू नका. ज्या फोनवर आजी दिसत असतात त्यावरच तो वाजतो आणि सगळ्यांचा आवाज तुटतो. फोन आम्हाला करा. आमंत्रणात खाली नंबर असतो, तो त्यासाठीच आहे.

एका खोलीत दोन फोन लावले की शिट्टीसारखा आवाज घुमतो. दुसरा फोन हवाच असेल तर त्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा. आरती सगळ्यांनी मिळून म्हणायचा मोह आवरा. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे टाळ्या कधीच जुळत नाहीत. आरती पुण्यातून होईल, बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरी म्हणावी. टाळ आणि घंटा झूमला गोंगाट वाटतात आणि तो त्या गाळून टाकतो, म्हणून यजमानांच्या फोनवर "Original Sound for Musicians" आम्ही आधीच्या तालमीत चालू करून ठेवतो. औक्षणाच्या वेळी खोलीतला दिवा मालवू नका. दिव्यांच्या उजेडात समोर बसलेल्यांना छान वाटतं, पण कॅमेऱ्यात फक्त ज्योती दिसतात आणि आजींचा चेहरा काळा पडतो.

शुभेच्छांना प्रत्येक घराला दोन मिनिटं. वीस घरं म्हणजे चाळीस मिनिटं झाली, आणि आजी पाटावर बसलेल्या असतात. बोलण्याचा क्रम आम्ही वयाने नाही, घड्याळाने लावतो: ज्यांच्याकडे रात्र झाली आहे ते आधी. काही घरांतून मानापानाचा मुद्दा निघतो, तो आम्हाला आधी सांगा, क्रम बदलू.

फुकटच्या खात्यावर हे होत नाही का, असंही विचारलं जातं. झूमचं फुकट खातं चाळीस मिनिटांनी बंद पडतं, म्हणजे वीस घरांच्या शुभेच्छा संपता संपता. पाच-सहा घरांचा छोटा समारंभ असेल तर खुशाल स्वतः करा, वेळ काढून द्यायला आम्ही पैसे घेत नाही.

नोंदणीसाठी समारंभाची तारीख, प्रत्येक घराचं शहर आणि तिथल्या एका माणसाचा ईमेल, एवढं दहा दिवस आधी पाठवा. शहर बदललं, कोणी त्या आठवड्यात प्रवासात असेल, तर तेही कळवा.